जेवढ्यास तेवढे, लागेल तिथे बदल

आज दोनच लॅटिन शब्दप्रयोग घेऊ. पहिला ‘प्रो राटा’, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात. रकमेच्या आकड्याला काळाचं किंवा हिश्शाचं माप लावून तो कमीजास्त करायचा, एवढंच त्याचं काम. दुसरा ‘म्युटॅटिस म्युटॅन्डिस’, म्हणजे जे बदलायला हवं ते बदलून. आपल्या कायद्याच्या मराठीत यालाच ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ म्हणतात. तो आकड्याला हात लावत नाही. एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी बसवतो.

प्रो राटा सोपा वाटतो, पण भांडण होतं ते भाजकावरून. समजा, सेवेचं मासिक शुल्क ३,००० आहे आणि सेवा १२ फेब्रुवारीला सुरू झाली. महिना २८ दिवसांचा, म्हणजे सुरुवातीचा दिवस धरून १७ दिवस झाले. २८ने भागलं तर बिल १,८२१. दर महिना ३० दिवसांचा धरला तर १,७००. वर्षाच्या ३६,००० ला ३६५ने भागलं तर १,६७७. तिन्ही हिशेब प्रो राटाच आहेत. म्हणून करारात नुसतं ‘प्रो राटा’ लिहून भागत नाही. कशाने भागायचं आणि पहिला दिवस धरायचा की नाही, हेही लिहावं लागतं.

आता खरी गफलत कुठे होते ते पाहू. वरचाच करार बारा महिन्यांचा आहे. त्यात अट आहे, की मुदतीआधी बाहेर पडलात तर तीन महिन्यांचं शुल्क, म्हणजे ९,००० भरावे लागतील. वर्ष संपल्यावर दोघांनी चार महिन्यांची मुदतवाढ केली आणि एका ओळीत लिहिलं, ‘मूळ कराराच्या अटी म्युटॅटिस म्युटॅन्डिस लागू राहतील.’ ग्राहक दुसऱ्याच महिन्यात बाहेर पडला. त्याचं म्हणणं, मुदत एक तृतीयांश झाली, तर दंडही ३,००० व्हायला हवा.

माझ्या मते हा युक्तिवाद टिकायला अवघड आहे. या शब्दांनी तेवढंच बदलतं, जे बदलल्याशिवाय कलम नव्या जागी अर्थहीन ठरेल. ‘करार संपण्याची तारीख’ बदलते, कारण जुनी तारीख उलटून गेली. दंडाची अट मात्र आहे तशी वाचली तरी पूर्ण अर्थ लागतो. ती जड वाटते हे खरं, पण जड वाटणं आणि न बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एवढा दंड वाजवी आहे का, हा प्रश्न विचारता येईल; पण त्याचं उत्तर या दोन शब्दांत नाही.

ग्राहकाला हवं होतं ते एका वाक्यात मिळालं असतं: ‘मुदतपूर्व समाप्तीची रक्कम वाढीव मुदतीचे बारा महिन्यांशी जे प्रमाण असेल त्या प्रमाणात कमी होईल.’ मुदतवाढीचा कागद समोर आला, की मूळ कराराचं प्रत्येक कलम नव्या तारखा घालून मोठ्याने वाचा. जिथे वाक्य अडखळतं, तिथे फेरफार आपोआप होतो. जिथे ते सरळ वाचलं जातं आणि तरीही तुम्हाला खटकतं, तिथे तुमचं म्हणणं सहीआधी लिहून घ्या.