फटींमधली भिंत: झेंडूची माळ फोटोतून वेगळी काढताना

नमस्कार. आज आपण एकच फोटो घेऊन बसणार आहोत. पांढरट भिंतीवर झेंडूची माळ लटकते आहे, मधूनमधून आंब्याची पानं ओवलेली आहेत. ही माळ भिंतीपासून सोडवून निमंत्रणपत्रिकेच्या गडद मरून रंगावर ठेवायची आहे. काम फोटोशॉपमध्ये करू.

तुमच्यापैकी बहुतेकांनी असं काम क्विक सिलेक्शनने करून पाहिलं असेल. फुलाचा मधला भाग ते झटकन पकडतं, पण कडेला पाकळ्यांची टोकं दोन-तीन पिक्सेल रुंदीची असतात आणि दोन टोकांमधली फटही तेवढीच. तिथे ते टूल एकतर टोकं छाटून फूल गरगरीत गोल करतं, नाहीतर फटी बुजवून टाकतं. पेन टूलने प्रत्येक टोक फिरून काढायचं म्हटलं तर एका माळेला दिवस जातो, आणि तरीही कडा कात्रीने कापल्यासारखी टणक दिसते. कारण एवढ्या बारीक जागी फूल आणि भिंत यांच्यात रेषा नसतेच. एकाच पिक्सेलमध्ये थोडं फूल आणि थोडी भिंत असते. मास्क म्हणजे कुठला भाग दिसेल हे पांढऱ्याने आणि कुठला लपेल हे काळ्याने सांगणारं चित्र. त्यात तिथे राखाडी हवा, आणि योग्य तेवढाच राखाडी हवा. तो हाताने रंगवता येत नाही. फोटोत मात्र तो आधीपासून आहे. आपल्याला तो तिथून उचलायचा आहे.

उचलायचा कुठून, तर चॅनेलमधून. Channels पॅनेल उघडा आणि लाल, हिरवा, निळा एकेक पाहा. ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण उजळ, अशा मापात या फोटोत झेंडूची पाकळी साधारण लाल २४०, हिरवा १५०, निळा १० अशी आहे. भिंत २२५, २२०, २०५. लाल चॅनेलमध्ये माळ भिंतीत जवळजवळ विरघळते. निळ्यात मात्र फुलं काळी ठिक्कर आणि भिंत उजळ. म्हणून नेहमीचा सल्ला असा की निळ्या चॅनेलची प्रत काढा, Ctrl+I ने उलटी करा, लेव्हल्सने ताणा, म्हणजे गडद ते काळं आणि उजळ ते पांढरं करा, झाला मास्क. सुट्या एका फुलाला हा सल्ला चालतो. माळेला चालत नाही. का चालत नाही, हे कळलं की पुढचं काम सरळ होतं.

फोटो ४०० टक्के मोठा करा आणि दोन पाकळ्यांमधल्या एका फटीवर माउस नेऊन Info पॅनेलमधले आकडे वाचा. तिथे दिसते ती भिंतच, पण आकडे २२५, २२०, २०५ नाहीत. ते ११०, ८०, ५० च्या आसपास आहेत. फटीतल्या भिंतीवर फुलांची सावली पडलेली असते, शिवाय शेजारच्या पाकळ्यांवरून उडालेला नारिंगी उजेड तिच्यावर सांडलेला असतो. म्हणजे बारीक फटीतली भिंत भिंतीच्या रंगाची राहतच नाही, ती फुलाकडे झुकलेली असते. निळ्या चॅनेलमध्ये फूल १० आणि ही फट ५०. लेव्हल्स ताणल्यावर दोन्ही एकाच बाजूला जातात आणि फट बुजते. माळ मरून रंगावर ठेवली की फुलाफुलांमध्ये मळकट तपकिरी ठिपके दिसतात. ते दिसले की समजावं, आपण फटीतली भिंतही फुलाबरोबर उचलून आणली आहे.

यावर उपाय म्हणजे एका चॅनेलवर विसंबायचं नाही, दोन चॅनेलमधला फरक घ्यायचा. सावली पडली की तिन्ही चॅनेल एकत्रच खाली येतात, त्यामुळे लाल आणि निळा यांच्यातला फरक लहानच राहतो. झेंडूत मात्र तो प्रचंड असतो. आपल्या आकड्यांत बघा. पाकळीत २४० वजा १०, म्हणजे २३०. उघड्या भिंतीत २०. आणि जी फट छळत होती तिच्यात ११० वजा ५०, म्हणजे ६०. निळ्या चॅनेलमध्ये फूल आणि फट यांच्यात ४० चं अंतर होतं, इथे ते १७० झालं.

फोटोशॉपमध्ये यासाठी Image > Calculations आहे. एका सोर्समध्ये Blue, दुसऱ्यात Red, ब्लेंडिंग Subtract, स्केल १, ऑफसेट ०, आणि रिझल्टला New Channel. कुठला सोर्स आधी हा घोळ नेहमी होतो. चित्र जवळजवळ पूर्ण काळं आलं तर दोघांची अदलाबदल करा. बरोबर क्रम लागला की काळ्या पडद्यावर फुलं पांढरी उमटतात आणि फटी गडद राहतात.

आता या नव्या चॅनेलवर Ctrl+L ने लेव्हल्स उघडा. इथे हात आवरायला लागतो. पाकळ्यांच्या घडीत, जिथे एका पाकळीची सावली दुसरीवर पडते, तिथे फरक ११५ पर्यंत उतरलेला असतो. फट ६० वर आहे, घडी ११५ वर. साहजिकच वाटतं की दोन्ही स्लायडर या दोघांच्या मध्ये जवळजवळ आणावेत, म्हणजे फटी काळ्या, घड्या पांढऱ्या, सगळं स्वच्छ. पण तसं केलंत तर कडेवरचे राखाडी पिक्सेलही काळे किंवा पांढरे होतात आणि पाकळ्यांची टोकं दातेरी होतात. म्हणून काळा बिंदू ६० वर ठेवा आणि पांढरा थेट २०० वर. जो पिक्सेल अर्धा फूल आणि अर्धी उघडी भिंत आहे, त्याचा फरक येतो १२५. या ताणानंतर तो साधारण ४६ टक्के पांढरा होतो, अर्ध्याच्या अगदी जवळ. आपल्याला हवा होता तो राखाडी हाच. घड्या या ताणात अर्धवट पारदर्शक राहतात, त्यांची काळजी आत्ता करू नका.

कारण फुलाचं पोट भरणं हे हाताचं काम आहे, आणि ते सोपं आहे. लॅसोने प्रत्येक फुलाच्या आत, कडेपासून बरंच मागे राहून ढोबळ आकार काढा आणि पांढरा भरा. फक्त फूल मध्येच उमलून आरपार दिसत असेल तर ती फट लॅसोत येऊ देऊ नका. फुलाच्या पोटात आणि कडेत जो पट्टा उरतो तिथे ब्रशचा मोड Overlay करून पांढऱ्या रंगाने हलके हात फिरवा. ओव्हरलेमधला ब्रश अगदी काळ्याला स्पर्श करत नाही, उजळ राखाडीला मात्र पांढऱ्याकडे नेतो. त्यामुळे घडी भरते आणि शेजारची फट काळीच राहते.

पानांना ही फरकाची युक्ती लागू पडत नाही. आंब्याच्या पानात लाल आणि निळ्याचा फरक भिंतीइतकाच, वीस-पंचवीस येतो, म्हणून नव्या चॅनेलमध्ये पानं गायब झालेली दिसतील. पानांसाठी उलटून लेव्हल्सने ताणलेला निळा चॅनेलच बरा, कारण पानं गडद आहेत आणि त्यांना पाकळ्यांसारखी बारीक टोकंही नाहीत. पण तो चॅनेल जसाच्या तसा मिसळलात तर फटींचा घोळ मागच्या दाराने परत येईल. आधी पानांभोवती ढोबळ लॅसो काढा, त्याबाहेरचं सगळं काळं करा, पानावरच्या चमकेमुळे पडलेली भोकं भरा, आणि मग Calculations मध्ये Lighten वापरून दोन्ही चॅनेल एक करा. मास्क तयार. Ctrl धरून चॅनेलच्या लघुचित्रावर क्लिक केलं की सिलेक्शन होतं. त्यावरून लेयरला मास्क लावा.

माळ मरून रंगावर ठेवली की बहुधा कडेला फिकट रेघ चमकते. लोक लगेच मास्क एक पिक्सेल आत ओढतात. झेंडूच्या बाबतीत हे करू नका. तीन पिक्सेलच्या टोकाचा दोन्ही बाजूंनी एकेक पिक्सेल गेला की उरतो एक, आणि फूल खुरटं दिसायला लागतं. इथे मास्क चुकलेला नाही, त्या पिक्सेलमध्ये भिंतीचा रंग उरला आहे. तेव्हा बदलायचा तो रंग. माळेच्या वर एक रिकामा लेयर घ्या, तो माळेला क्लिप करा, मोड Darken ठेवा, शेजारच्या पाकळीचा रंग उचला आणि मऊ ब्रशने फक्त कडेवरून फिरा. Select and Mask मधलं Decontaminate Colors हेच काम आपोआप करतं. फुलांवर ते बरं चालतं, पण फूल आणि पान जिथे एकमेकांना टेकतात तिथे पानाच्या कडेवर नारिंगी आणि फुलाच्या कडेवर हिरवट छटा उतरते. त्या जागा मोठ्या करून बघाव्यातच.

फाइलबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जेपीईजीमध्ये उजेडाचं चित्र पूर्ण बारकाईने साठवतात, रंगाची माहिती मात्र बहुतेक वेळा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्मी केलेली असते. त्या उजेडाच्या चित्रात निळ्याचा वाटा जेमतेम ११ टक्के. म्हणजे ज्या निळ्या चॅनेलवर आपली सगळी मदार, त्याचाच बारकावा सगळ्यात जास्त हरवलेला असतो. कडेला चौकोनी ठोकळे दिसले तर ते यामुळे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही पद्धत अर्ध्यावरच थांबते. मूळ फाइल मागा, रॉ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

माळेऐवजी रांगोळी फोटोतून काढायची असेल तर प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे फटी नसतात, सांडलेले कण असतात. रेषेच्या बाजूला विखुरलेली ती धूळ कापून टाकली की रांगोळी छापील स्टिकरसारखी दिसते. गडद फरशीवरची पांढरी किंवा उजळ रंगांची रांगोळी गडद पार्श्वभूमीवर न्यायची असेल तर कापूच नका. लेव्हल्सने फरशी काळी करा आणि लेयरचा मोड Screen ठेवा. काळं नाहीसं होतं, कण जिथल्या तिथे राहतात. मात्र स्क्रीन फक्त उजेड वाढवतो, त्यामुळे रांगोळीत काळा, जांभळा किंवा गडद तपकिरी भरला असेल तर ते भाग पारदर्शक होतील. तेवढे भाग मूळ फोटोतून लॅसोने उचलून वरच्या लेयरवर ठेवा. ते भरीव असतात, आणि त्यांची कडा बहुधा पांढऱ्या रेषेखाली झाकली जाते. उजळ कागदावर न्यायची असेल तर स्क्रीनचा उपयोग नाही. तिथे पुन्हा चॅनेलकडे यावं लागतं.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर माळ भिंतीला टेकवू नका, वीत-दोन वीत पुढे टांगा. सावली खाली आणि बाजूला सरकते, फटींतून उजळ भिंत दिसते, आणि वर सांगितलेला निम्मा खटाटोप वाचतो. मागे फिकट निळसर कापड लावलंत तर आणखी उत्तम. त्यात निळा लालपेक्षा जास्त असल्यामुळे वजाबाकीत ते थेट शून्यावर येतं. पांढरी शेवंती किंवा मोगरा असेल तर मात्र हे कापड गडद हवं. पांढऱ्या फुलात तिन्ही चॅनेल सारखेच असतात, तिथे फरकाची युक्ती चालत नाही आणि साध्या उजेड-अंधारावरच काम भागवावं लागतं.