50 लिटरचं पनीर, 40 लिटरचं दही आणि त्यांचा भाव

(पुण्यातल्या छोट्या डेअरीचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पनीरचा भाव कसा ठरवता असं कुणालाही विचारलं की दोन उत्तरं येतात. पहिलं, शेजारच्याचा भाव बघायचा आणि दहा रुपये खाली लावायचा. दुसरं जरा हिशेबी असतं: म्हशीच्या पाच लिटर दुधाचं एक किलो पनीर होतं, तेव्हा दुधाचा भाव गुणिले पाच, वर थोडा खर्च, झाला भाव. पहिल्याबद्दल मला काही बोलायचं नाही. दुसऱ्यातला जो 'पाच' आहे, त्याच्या मागे आज लागू.

एक डेअरी धरू, सिंहगड रस्त्यावरची. सकाळी 200 लिटर म्हशीचं दूध येतं, फॅट साडेसहाच्या आसपास. रतीब आणि दुकानावरची विक्री मिळून 110 लिटर जातं. उरलेल्या 90 पैकी 50 लिटरचं पनीर, 40 लिटरचं दही. दूध दारात 60 रुपयांना पडतं आणि 72 ने विकतो. हे भाव मी हिशेबापुरते धरलेत. घरी जाऊन तुमचे घाला, रीत तीच राहील.

पनीर करताना आपण दूध 90 अंशांपर्यंत तापवतो, 70-75 वर आणतो, लिंबूसत्त्वाचं पाणी हळूहळू सोडतो. लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास सत्त्व लागतं. दूध फुटलं की कापडात बांधायचं आणि दाबाखाली ठेवायचं. दाबातून काढलेला ठोकळा काट्यावर ठेवला, भरला 10 किलो. पाचाचा हिशेब बरोबर आला, मालक खूश. पण हे वजन कुणी विकत घेत नाही. पुढे काय होतं ते बघा.

ठोकळा दोन-तीन तास थंडगार पाण्यात राहतो. तिथे तो थोडं पाणी पितो, 10 किलो 200 ग्रॅम होतो. त्या दोनशे ग्रॅमवर जीव लावू नका. रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर ठेवला की ते पाणी तर निथळतंच, वर आतलंही थोडं सुटतं. सकाळी 9 किलो 800. मग सुरी लागते. कडा वेड्यावाकड्या असतात, चुरा पडतो, पाव किलो मागणाऱ्याला काटा थोडा झुकता द्यावाच लागतो. बिलावर चढू शकतं ते साडेनऊ किलो. त्यातलं तीनशे ग्रॅम तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळं पडलेलं, घरच्या भुर्जीत जाणारं. पैसे आले ते 9 किलो 200 ग्रॅमचे.

आता दूध 3000 रुपयांचं. गॅस साधारण 70, माणसाचे दोन तास 150, सत्त्व, वीज, धुणं, पिशव्या मिळून 80. असा 300 रुपये खर्च धरा. एकूण 3300. दहाने भागलं तर किलोला 330. नऊ किलो दोनशेने भागलं तर 359. ज्याने 330 धरून 350 चा भाव लावला, त्याला वाटतं किलोमागे वीस सुटतात. प्रत्यक्षात तो किलोमागे नऊ रुपये खिशातून घालतोय, आणि महिनाअखेरीला गल्ल्यात पैसे का नाहीत ते त्याला कळत नाही, कारण विक्री तर चांगली असते.

उतारा रोज सारखाच येईल असंही नाही. तो कुठे पळतो हे ओळखायची सोपी जागा म्हणजे कापडातून गळणारं पाणी. ते हिरवट-पिवळसर आणि नितळ असलं पाहिजे. पांढुरकं, गढूळ दिसलं की समजा पनीरच त्यातून वाहून चाललंय. सत्त्व कमी पडलं, किंवा सत्त्व घालून जोरजोरात ढवळलं आणि कण बारीक झाले, अशी त्याची कारणं. सत्त्व जास्त झालं तर पाणी नितळ निघतं, पण पनीर आंबूस आणि कडक होतं. दूध गाईचं असेल तर हिशेबच वेगळा: 50 लिटरला सात-साडेसात किलोवर समाधान मानावं लागतं, आणि ठोकळाही मऊ. मिश्र दुधात गाईचा भाग वाढला की उतारा गुपचूप उतरतो. म्हणून म्हणतो, ज्या दिवशी पनीर कमी भरलं त्या दिवशी कामगारावर ओरडण्याआधी दुधाचं फॅट बघा.

इथे एक मोह असतो, तो उघडच बोलू. दाब कमी द्यायचा, पाणी जास्त ठेवायचं. आपल्या दहा किलोच्या ठोकळ्यात निम्म्याहून थोडं जास्त, समजा 53 टक्के, पाणी आहे. तेच 60 टक्के ठेवलं तर वजन पावणेबारा किलोच्या आसपास जाईल. कायद्याची मर्यादाही 60 टक्केच आहे, त्यामुळे काठावर खेळणारे बरेच. पण असं पनीर गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाणी सोडतं, तव्यावर टाकलं की तडतडतं आणि तुटतं. हॉटेलचा आचारी तर ते ताटात निथळत ठेवून पुन्हा वजन करतो आणि तुम्हाला फोन करतो. साय काढून लोणी करायचं आणि खालच्या दुधाचं पनीर, हाही एक उद्योग. त्यात पाण्याव्यतिरिक्त जो भाग उरतो, त्याच्या निम्मा तरी स्निग्धांश हवा असा नियम आहे. म्हशीच्या दुधाचं फॅट सहाच्या बरंच खाली नेलंत की तो सुटतो, आणि मग त्याला साधं 'पनीर' म्हणून विकता येत नाही.

आणि हो, बाजारात अडीचशेने 'पनीर' देणारे भेटतात. आपल्याकडे नुसतं दूधच किलोला 326 रुपयांचं बसतंय. तेव्हा तो म्हशीच्या दुधाचं तर देत नाहीये. वनस्पती तेल आणि दूध पावडर यांचा पदार्थ त्याच्या खऱ्या नावाने विकला तर त्यावर आपला आक्षेप नाही. त्याच्या भावाशी बरोबरी मात्र करू नका.

आतापर्यंत आपण दूध 60 ला धरलं. आता मला जे खरं बोलायचंय तिकडे येतो. हे 50 लिटर दूध तुम्ही दूध म्हणूनच विकलं असतं तर? 72 मधून पिशवी, सांडलवंड जाऊन हाती 70 आले असते. म्हणजे 3500 रुपये, गॅस नाही, कापड नाही, रात्रभर फ्रिज नाही. त्याच दुधाचं पनीर करायचं तर त्याने 3500 अधिक 300, म्हणजे 3800 आणले पाहिजेत. भागिले 9.2, भाव येतो 413. बाजार 400 चा असेल तर किलोमागे तेरा रुपये गेले. विकत घेतलेल्या भावाशी ताडलं तर नफा, विकल्या गेलेल्या दुधाशी ताडलं तर तोटा. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला लावायचा ते एवढ्यावर ठरतं: त्या दुधाला दारात गिऱ्हाईक होतं का?

सकाळी नऊला "दूध संपलं" म्हणून चार जणांना परत पाठवता आणि मागे पातेल्यात पनीरचं दूध तापत असतं, तर तुम्ही 413 वाले. कोजागिरीला गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर दुधाचा भाव चढतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या दिवशी पनीर करणं म्हणजे शुद्ध हौस. उलट मुलांच्या सुट्ट्या लागल्या, सोसायट्या गावाला गेल्या, रतीब बंद झाले, तेव्हा खरंच उरलेल्या दुधाला 359 चा हिशेब लावा. मात्र रोजच 50 लिटर उरत असेल तर भावाकडे बघण्याआधी खरेदीकडे बघा.

आता दही. इथे एक गंमत आहे: दूध घेतो लिटरवर, दही विकतो किलोवर, आणि लिटरभर दूध किलोपेक्षा तीसेक ग्रॅम जास्त भरतं. 40 लिटर म्हणजे 41 किलोच्या थोडं वर. तापवताना वाफ जाऊन साडेएकोणचाळीसच्या आसपास राहतं. विरजण काल ठेवलेलं आज घालतो आणि आजच्यातलं उद्याला ठेवतो, ते फिटंफाट. पातेल्याची खरवड, डावाने काढताना सुटणारं पाणी, झुकता काटा हे सगळं जाऊन 38 किलो 300 ग्रॅम. त्यातलं दोन किलो आंबट होऊन ताकाला जातं. विकलं 36 किलो 300. वरचा खर्च 200 धरा. खरेदीच्या भावाने किलोला 72 रुपये पडतात, विकल्या गेलेल्या दुधाच्या भावाने 83. सुटं दही 95 ने जात असेल तर गिऱ्हाईक असलेल्या दुधातूनही किलोला बारा सुटतात. पनीरला ते जमलं नव्हतं.

मग सगळ्याचं दहीच का नको, असं मघाशी कुणीतरी विचारलं. कारण दह्याची तूट वजनात कमी आणि आंबटपणात जास्त आहे. 42-43 अंशांवर विरजण लावलं तर चार ते सहा तासांत दही लागतं. लागलं की ताबडतोब थंड करायचं. एप्रिल-मेमध्ये रात्री लावून पहाटेपर्यंत तसंच ओट्यावर राहिलं तर वर पाणी येतं, मध्ये भेग पडते, आणि दुपारी चवीलाच गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. ताकाला जाणारं दोनाचं सहा किलो झालं की विकलं गेलेलं 32 किलो 300 वर येतं आणि भाव पडतो 93. बारा रुपयांतले दहा गेले. म्हणून दही जेवढं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपतं तेवढंच लावायचं. मडक्यात लावत असाल तर मडकं पाणी पितं, तेव्हा नगावर विका, वजनावर नको.

शेवटचं, हॉटेलवाल्यांचं. त्यांना वर्षभराचा एकच भाव हवा असतो. आपल्याच आकड्यांत 50 भागिले 9.2 केलं तर दिसतं की दूध लिटरला एक रुपया वाढलं की पनीर किलोला जवळजवळ साडेपाच रुपयांनी चढतं. दह्यात तोच रुपया एक रुपया दहा पैशांचा होतो. दह्याचा भाव बांधून दिलात तरी निभावेल. पनीरचा देताना कागदावर दुधाचा आजचा भाव लिहा, आणि त्यात दोन रुपयांचा फरक पडला की पनीर अकराने बदलेल हेही तिथेच लिहून घ्या. वजन कधीचं धरायचं, निथळल्यावरचं की पाण्यातून काढल्याबरोबरचं, तेही लिहा. आपला 359 चा हिशेब निथळलेल्या वजनावरचा आहे.