काटा खोटा नव्हता, गेज त्या कामाचं नव्हतं

(कराडमध्ये टायरवाले, गॅरेजवाले आणि शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी नोकरी दाबमापकं तपासण्यात गेली. पिंपरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज गेज यायची, आम्ही ती प्रमाण गेजशी ताडून पाहायचो आणि कोणत्या आकड्यावर किती फरक पडतो ते लिहून द्यायचो. आज मी एकाच गेजची गोष्ट सांगणार आहे. ते गेज इथून जवळच, महामार्गावरच्या एका पंक्चरच्या दुकानातलं आहे. दुकानदारांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणेन.

मामांची तक्रार अशी होती, की स्कूटरवाले आणि कारवाले परत येऊन म्हणायचे, ‘मामा, गाडी दगडासारखी चालते, हवा जास्त झालीय.’ ट्रकवाल्यांची मात्र कधीच तक्रार नव्हती. हवा तीच, हवा भरायची गन तीच आणि गेजही तेच. मग एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक कसं? मी ते गेज गनवरून काढून घरी आणलं. तबकडीवर ० ते २२० पाउंड लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘सीएल २.५’. पाउंड म्हणजे पीएसआय, आपल्याकडे बोलतात तसंच मीही बोलतो.

ही बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, पण गेज विकत घेताना सगळ्यात आधी तीच वाचायला हवीत. २.५ म्हणजे अडीच टक्के चूक चालेल. पण अडीच टक्के कशाचे? आपल्याला वाटतं, काटा जे दाखवतो त्याचे. तसं नाही. ते पूर्ण तबकडीचे, म्हणजे शेवटच्या आकड्याचे अडीच टक्के असतात. २२० चे अडीच टक्के म्हणजे साडेपाच पाउंड. आणि ही साडेपाच पाउंडांची सूट त्या गेजला तबकडीवर सगळीकडे मिळते, ११० वर तेवढीच आणि २२ वरही तेवढीच. ट्रकच्या ११० मध्ये साडेपाच म्हणजे शेकडा पाच. स्कूटरच्या पुढच्या चाकात २२ असते, तिथे साडेपाच म्हणजे शेकडा पंचवीस! गेज आपल्या हद्दीत राहूनही स्कूटरचं चाक पार बिघडवू शकतं.

असं का होतं ते आतली रचना बघितली की कळतं. आत एक चपटी, अर्धगोल वाकवलेली धातूची नळी असते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँनी १८४९ साली तिचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बूर्दाँ नळी म्हणतात. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, तशी ही नळी आतल्या दाबानं जराशी सरळ व्हायला बघते. ते टोक हलतं आणि दातेरी चाकांवरून काटा फिरवतं. २२० पाउंड सोसायचे तर नळी ताठ हवी, आणि ताठ नळी थोड्या दाबाला थोडीच हलणार. काटा एकूण २७० अंश फिरतो असं धरा. २२० च्या तबकडीवर एका पाउंडाला काटा सव्वा अंश हलतो. ६० च्या तबकडीवर तोच पाउंड साडेचार अंशांचा होतो. सव्वा अंश म्हणजे दातांमधली थोडी ढिलाई आणि बघणाऱ्याची थोडी तिरकी नजर, एवढ्यातच गिळला जातो.

आता तपासणी कशी केली ते सांगतो. एक छोटी हवेची टाकी घेतली. तिच्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवला, एका तोंडाला मामांचं गेज आणि दुसऱ्याला माझं प्रमाण गेज. हवा आत सोडायला एक बारीक व्हॉल्व्ह आणि बाहेर सोडायला दुसरा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कारण गळती असली की दोन्ही काटे उतरत राहतात आणि आपण कोणता आकडा केव्हा वाचला याला अर्थ उरत नाही.

प्रमाण गेज ० ते ६० चं होतं, अर्ध्या टक्क्याचं. म्हणजे त्याची चूक जास्तीत जास्त ०.३ पाउंड. माझ्याकडे ० ते ३०० चं, पाव टक्क्याचंही गेज आहे. पाव टक्का अर्ध्यापेक्षा चांगला म्हणून ते घ्यावंसं वाटेल. पण ३०० चा पाव टक्का होतो ०.७५ पाउंड. नावानं भारी असलेलं गेज या कामाला अडीच पट ढिलं निघतं. प्रमाण गेज निवडतानाही पल्लाच आधी बघायचा. आमचा नियम असा, की जे तपासायचं त्याच्या मुभेच्या चौथ्या भागापेक्षा प्रमाणाची चूक जास्त नसावी. इथे साडेपाचसमोर ०.३, म्हणजे भरपूर जागा होती.

सुरुवातीला दोन्ही गेज मोकळ्या हवेत ठेवून शून्य पाहिलं. मामांचं शून्यावर होतं, पण मी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुष्कळ गेजांत शून्यापाशी एक खिळी असते आणि काटा तिला टेकून थांबतो. आतला काटा खरं तर शून्याच्या खाली जायला बघत असेल, तरी खिळी त्याला अडवते आणि आपल्याला सगळं ठीक दिसतं. शून्य दाखवतं म्हणून गेज बरोबर, हे अशा तबकडीवर म्हणताच येत नाही.

मग हळूहळू हवा आत सोडली. प्रत्येक आकड्याकडे खालूनच जायचं. पुढे गेलो तर हवा काढून पुन्हा खालून यायचं, नाहीतर चढतीचं वाचन आणि उतरतीचं वाचन एकमेकांत मिसळतं. हवा भरली की ती दाबानं किंचित तापते, म्हणून मिनिटभर थांबायचं. काचेवर बोटाच्या टोकानं हलकी टिचकी मारायची आणि समोरून नजर सरळ ठेवून वाचायचं. टिचकीनं काटा उडी मारत असेल तर आत घर्षण आहे, तेही लिहून ठेवायचं.

प्रमाणावर २५ असताना मामांचं गेज २० दाखवत होतं. ३३ ला २८. ४० ला ३६. ५० ला ४७. मग परत उतरताना ३३ वर थांबलो तर ते २८ नाही, ३० दाखवत होतं. चढता आणि उतरता असा दोन पाउंडांचा फरक. ही नळीची आणि दातांची जुनी सवय, नव्या गेजातही थोडी असतेच. शेवटी ६० चं प्रमाण गेज काढून ० ते १६० चं लावलं आणि ११० पर्यंत गेलो. ११० ला मामांचं गेज १११ दाखवत होतं.

ट्रकवाले का गप्प होते ते इथे कळलं. मामा कारमध्ये काटा ३३ वर येईपर्यंत हवा भरत, तेव्हा आत ३८ च्या आसपास जात होती. मधली नक्षी लवकर झिजते, गाडी उडते, रस्त्याला टायर कमी चिकटतो. आणि तरीही, एकही फरक साडेपाचच्या वर नाही! माझ्या जुन्या प्रयोगशाळेत हे गेज आलं असतं तर आम्ही ‘उत्तीर्ण’ लिहून परत पाठवलं असतं. हे मला आज कळकळीनं सांगायचं आहे. ‘तपासलेलं गेज आहे’ एवढ्यावर थांबू नका. दाखला मिळाला तर त्यावर कोणत्या आकड्याला किती चूक लिहिली आहे ते पाहा, आणि तुमच्या कामाचे आकडे त्यात आहेत का ते पाहा.

मग मामा म्हणाले, ‘गनवर ६० चंच गेज लावून टाकतो.’ मी हात धरला. गनचा खटका दाबलेला असतो तेव्हा तिच्या गेजवर कॉम्प्रेसरच्या नळीचा दाब येतो, टायरचा नाही. खटका सोडला की मगच ते टायरचा दाब दाखवतं. कॉम्प्रेसर १२० वर चालत असेल तर ६० च्या गेजमधली बूर्दाँ नळी पहिल्याच दिवशी कायमची ताणली जाईल, आणि त्यानंतर काटा दिसायला ठीक पण प्रत्येक आकडा चुकीचा. गनवर मोठ्या पल्ल्याचं गेज असतं ते यासाठीच. ते तिथे राहू द्या. ते हवा भरण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही.

मोजायला वेगळी, हातातली दोन गेज घेतली. एक ० ते ६० चं, १.६ टक्क्यांचं, म्हणजे चूक एक पाउंडाच्या आत. दुचाकी आणि कार त्यावर. दुसरं ० ते १६० चं, ट्रक आणि पिकअपसाठी. पिकअपचे ६५ पाउंड ६० वर कधीच मोजायचे नाहीत. १६० वर चूक अडीच पाउंडांपर्यंत जाईल, पण ६५ मध्ये तेवढी चालते. साधा अंदाज असा, की नेहमीचं काम तबकडीच्या एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश या मधल्या भागात यावं. ६० वर ३३ मध्यावर येतं, १६० वर ११० तीन चतुर्थांशाच्या जरा खाली. डिजिटल गेज घेतलंत तरी हाच हिशेब. पडद्यावर ३३.४ दिसलं म्हणजे त्यातला दशांश खरा आहे असं नव्हे.

दुकानात टाकी आणि टी नसेल तर एका टायरवरच ताडता येतं. आधी प्रमाण गेज लावा, मग आपलं, मग पुन्हा प्रमाण. दर वेळी थोडी हवा जातेच, म्हणून प्रमाणाच्या दोन वाचनांची सरासरी घेऊन आपलं वाचन तिच्याशी ताडा. कारच्या मोठ्या टायरमध्ये हे छान जमतं. सायकलच्या बारीक टायरमध्ये एका फुस्सला दाब बराच उतरतो, तिथे नको. टायर गार हवा, उन्हातला नको. दहा अंशांनी कारच्या टायरचा दाब दीड पाउंड बदलतो, आणि ती चूक गेजच्या नावावर जाते. प्रमाण गेज डबीत ठेवा, रोज वापरू नका. एकदा फरशीवर पडलं की ते प्रमाण राहिलं नाही असं धरून पुन्हा तपासायला पाठवा.

(एका शेतकऱ्याने विचारले: ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी भरलंय, त्याला कोणतं गेज?)

दादा, शेतात मागच्या चाकाला १२ ते १४ पाउंड लागत असतील तर ६० चं गेजही मोठं पडतं. १४ म्हणजे त्याच्या तबकडीचा एक चतुर्थांशही भरत नाही. ० ते ३० चं घ्या. पण त्याआधी चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आणा. व्हॉल्व्ह खाली असेल तर गेजमध्ये पाणी शिरतं आणि वर उभ्या पाण्याचं वजनही त्यात मोजलं जातं. मीटरभर पाण्याचे जवळपास दीड पाउंड होतात. चौदामध्ये दीड म्हणजे तुमच्या हवेचा दहावा हिस्सा. वर आणल्यावर आधी व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबा, तोंडाशी साचलेलं पाणी उडून जाऊ द्या, आणि नुसती हवा यायला लागली की मग गेज लावा.