'केलं जातं' कुठे शोभतं, कुठे खटकतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका छोट्याशा क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. 'जाणे' हे ते क्रियापद. पण कुठे जाण्याचं नव्हे, तर दुसऱ्या क्रियापदाच्या मागे येऊन बसणारं. 'काम केलं जातं', 'अर्ज स्वीकारले जातात', 'निविदा उघडल्या जातील' अशा वाक्यांतलं. शालेय व्याकरणात याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात.

नावातल्या 'नवीन' या शब्दामुळे हा प्रयोग थेट इंग्रजीतून आला असं वाटू शकतं. तसं म्हणणं अर्धवट आहे. 'तो लढाईत मारला गेला' हे वाक्य इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही सहज बोलतो. 'जाणे' जोडून कर्मणी करायची रीत हिंदीतही आहे. इंग्रजीतून आली ती रचना नव्हे, तिचा सुकाळ आला. इंग्रजी वाक्यात कर्मणी दिसला की मराठीत 'जातो', 'जाते', 'जातं' लावून मोकळं व्हायचं, ही सवय अनुवादातून लागली.

रचना आधी नीट पाहू, कारण चुका तिथेच सुरू होतात. धातूचं भूतकाळी रूप घ्यायचं, केला, लिहिली, पाठवलं असं, आणि त्याला 'जाणे'चं हवं ते रूप जोडायचं. दोन्ही शब्द कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. अर्ज पाठवला जातो, यादी पाठवली जाते, पत्र पाठवलं जातं. अनेकवचनात अर्ज पाठवले जातात, याद्या पाठवल्या जातात, पत्रं पाठवली जातात. घाईत लिहिताना पहिला शब्द एकाप्रमाणे आणि दुसरा दुसऱ्याप्रमाणे होतो, आणि 'याद्या पाठवली जातील' असं काहीतरी छापून येतं.

दुसरी चूक जरा लपून राहते. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागला की क्रियापद त्याच्याशी जुळणं सोडून देतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. 'विद्यार्थी बोलावले जातील' बरोबर. 'विद्यार्थ्यांना बोलावलं जाईल' हेही बरोबर. पण 'विद्यार्थ्यांना बोलावले जातील' ही या दोघांची खिचडी आहे. मात्र 'विद्यार्थ्यांना प्रवेश दिला जाईल' या वाक्यात 'दिला' योग्यच आहे, कारण तिथे खरं कर्म 'प्रवेश' आहे आणि त्याला काही लागलेलं नाही. करणारा सांगायचाच असेल तर त्याला 'कडून' लागतं. 'त्याने काम केलं गेलं' हे कुठल्याच मराठीत बसत नाही.

आता मुख्य प्रश्न. इंग्रजीला कर्मणी इतका का लागतो? इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तिप्रत्यय नाहीत. कोण कर्ता आणि कोण कर्म, हे जागेवरून ठरतं. क्रियापदाच्या आधी कर्ता, नंतर कर्म. त्यामुळे कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणायचं असेल, तर इंग्रजीला बहुधा अख्खं क्रियापद बदलून कर्मणी करावा लागतो. मराठीत ही अडचणच नाही. 'रमेशने पत्र फाडलं' आणि 'पत्र रमेशने फाडलं', दोन्ही वाक्यांत फाडणारा रमेशच. 'ने' त्याला चिकटलेला आहे, तो कुठेही बसला तरी कर्ताच राहतो. बोलण्याचा विषय पत्र असेल तर पत्र पुढे घ्या, झालं. त्यासाठी 'पत्र रमेशकडून फाडलं गेलं' म्हणायची काहीच गरज नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. 'रमेशने पत्र फाडलं' हा मुळातच कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद पत्राप्रमाणे चालतं, रमेशप्रमाणे नाही. रमेशच्या जागी सीमा आणली तरी 'फाडलं' तसंच राहतं. मग या वाक्यातून कर्ता नुसता काढून टाकला तरी चालतं: 'हा पूल गेल्या वर्षी बांधला.' कोणी बांधला, ते सांगितलं नाही आणि कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. भूतकाळात ही सोय आयती असताना 'बांधला गेला' म्हणणं म्हणजे छत्री असताना वर रेनकोट चढवणं.

असं असलं, तरी 'गेला'ला स्वतःचा अर्थ आहे आणि तो ओळखीचा आहे. तीन वाक्यं ऐका. 'पत्र फाडलं.' 'पत्र फाटलं.' 'पत्र फाडलं गेलं.' पहिल्यात कोणीतरी ठरवून फाडलं. दुसऱ्यात ते फाटलं, कसं ते महत्त्वाचं नाही. तिसऱ्यात कोणाच्या तरी हातून झालं, पण ते नकळत, किंवा गडबडीत, किंवा कोण ते सांगायचं नाही. 'माझ्याकडून तसं बोललं गेलं' असं आपण म्हणतो तेव्हा तोंडातून निसटलं, हेतू नव्हता, असं सांगायचं असतं. ही छटा मराठी कानाला लगेच कळते. म्हणूनच 'समितीकडून हा निर्णय घेतला गेला' हे वाक्य विचित्र ऐकू येतं. समितीच्या हातून निर्णय चुकून सांडला, असं वाटतं. 'समितीने हा निर्णय घेतला' म्हटलं की समिती शुद्धीवर येते.

मग करणारा सांगायचा नसेल तेव्हा मराठी काय करते? तिच्याकडे जुन्या वाटा आहेत. एक म्हणजे अकर्मक जोडीदार. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे, पाडणे-पडणे, ठरवणे-ठरणे, ठेवणे-राहणे, आणि सगळ्यांत कामाची जोडी करणे-होणे. 'चर्चा केली गेली' ऐवजी 'चर्चा झाली', 'तारीख ठरवली गेली' ऐवजी 'तारीख ठरली'. दुसरी वाट म्हणजे कर्ता न सांगता अनेकवचनी क्रियापद. 'तीन बाजूंच्या आकृतीला त्रिकोण म्हणतात.' कोण म्हणतात? सगळेच. इथे 'म्हटलं जातं' लिहिलं की वाक्य उगाच गंभीर चेहरा करतं.

या दुसऱ्या वाटेला मात्र एक खड्डा आहे. आधीच्या वाक्यात एखादं अनेकवचनी नाम येऊन गेलं असेल, तर क्रियापद त्याला जाऊन चिकटतं. 'कामगार भट्टीपासून दूर उभे असतात. लोखंड इतकं तापवतात की ते वितळतं.' तापवणारे कामगारच, असा अर्थ लागतो, आणि तापवणारं यंत्र असेल तर वाक्य खोटं ठरतं. तिथे 'लोखंड तापवलं जातं' हेच बरोबर. 'जाणे'ची खरी जागा अशा ठिकाणी असते.

सरकारी पत्रांतला 'ण्यात येणे' तुम्ही ऐकलाच असेल: 'कळवण्यात येते की', 'अर्ज मागवण्यात येत आहेत'. त्यात अधिकाराने, ठरवून केल्याचा सूर आहे, म्हणून तो हुकमाच्या कागदात खपतो. घरच्या पत्रात आला तर हसू येतं.

आता एक नमुना घेऊ. एका वाचनालयाच्या फलकावर अशी सूचना आहे, असं धरा. 'सर्व सभासदांना सूचित केलं जातं की, पुस्तकांची मोजणी केली जाणार असल्याने येत्या सोमवारी वाचनालय बंद ठेवलं जाईल. सभासदांकडून उशिरा परत केल्या गेलेल्या पुस्तकांवर दंड आकारला जाईल.' दोन वाक्यांत 'जाणे' पाच वेळा आलं.

पहिलं 'सूचित केलं जातं' सरळ पुसून टाका. फलक लावला म्हणजे सूचना दिलीच. 'मोजणी केली जाणार असल्याने' याचं 'मोजणी असल्याने' करा. मोजणी हे नामच क्रिया सांगतं, त्यावर 'करणे' आणि 'जाणे' असे दोन मजले कशाला? 'बंद ठेवलं जाईल' याचा अकर्मक जोडीदार 'बंद राहील'. चौथं स्थान सगळ्यांत शिकण्यासारखं आहे: 'सभासदांकडून परत केल्या गेलेल्या'. मराठीत बहुतेक सकर्मक धातूंचं 'लेला' रूप नामाला जोडलं की ते आपोआप कर्माकडे वळतं. 'लिहिलेलं पत्र' म्हणजे कोणीतरी लिहिलेलं पत्र, लिहिणारं पत्र नव्हे. त्यामुळे 'गेलेल्या' हा शब्द तिथे काहीच करत नाही. ओळखायचं कसं? तो काढून वाक्य मोठ्याने वाचा. 'उशिरा परत केलेल्या पुस्तकांवर'. अर्थ जागचा हलला नाही, म्हणजे शब्द फुकटचा होता. 'अमक्याद्वारे लिहिले गेलेले पुस्तक' आणि 'अमक्याने लिहिलेलं पुस्तक' यांतही हेच.

राहिलं पाचवं, 'दंड आकारला जाईल'. हे मी ठेवेन. आकारणारं वाचनालय आहे हे उघड आहे, आणि 'आम्ही दंड आकारू' म्हणणं जरा अंगावर आल्यासारखं वाटतं. 'दंड पडेल' हेही चालेल, फक्त ते बोलण्यातलं आहे. मग सूचना अशी होते: 'पुस्तकांची मोजणी असल्याने येत्या सोमवारी वाचनालय बंद राहील. उशिरा परत केलेल्या पुस्तकांवर दंड आकारला जाईल.' पाचांतला एकच 'जाणे' उरला.

नकारात मात्र जास्त सावध राहावं लागतं. 'दुरुस्ती केली गेली नाही' असं वाक्य अहवालात आलं की थांबा. 'दुरुस्ती झाली नाही' एवढंच म्हणायचं आहे, की 'कंत्राटदाराने दुरुस्ती केली नाही' हे म्हणायचं टाळलं आहे? 'केली गेली नाही' या दोन्हींच्या मध्ये उभं राहतं, आणि वाचणाऱ्याला संशय येतो तो इथेच.

जाता जाता, एका जुन्या नातेवाइकाची ओळख करून देतो. मराठीत पूर्वी कर्मणीसाठी वेगळा शब्द जोडावा लागत नसे. धातूलाच प्रत्यय लागे: कीजे, दीजे, बोलिजे. संतांच्या रचनांत ही रूपं सापडतात. त्यांतली दोन रूपं आजही आपण रोज वापरतो. 'म्हणिजे', म्हणजे 'म्हटलं जातं', याचंच घासून झालेलं रूप म्हणजे आपलं 'म्हणजे'. आणि 'पाहिजे' हे 'पाहणे'चं कर्मणी रूप आहे. म्हणून 'मला दोन वह्या पाहिजेत' म्हणताना क्रियापदाचा 'त' तुमच्यासाठी येत नाही, वह्यांसाठी येतो.

नमस्कार.