दुर्बिणीवरचे दोन आकडे

[दृश्य: टेबलावर तीन दुर्बिणी. कॅमेरा त्यांच्यावर छापलेल्या आकड्यांवर जातो.]

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात: ८×४२, १०×५०, १०×२५. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ आल्यासारखा दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस पहिला आकडा बघून दुर्बीण निवडतो आणि त्याचे पैसे बहुधा तिथेच वाया जातात.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून बघा. ८×४२ला उत्तर येतं सव्वापाच, १०×२५ला अडीच. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा दोन्ही दुर्बिणी चालतात. पण उजाडता उजाडता, दाट झाडीत, बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत मोठी होते आणि अडीचचा झोत तिला अपुरा पडतो. पक्ष्यांची लगबग नेमकी त्याच वेळी सुरू असते.

[दृश्य: पानांच्या सावलीत हलणारा छोटा, हिरवट तपकिरी पक्षी.]

चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन पक्षी घ्या. दोघेही बोटभर, दोघेही हिरवट तपकिरी. फरक ओळखायची एक खूण पायात आहे: चिफचॅफचे पाय बहुधा काळपट, विलो वॉर्बलरचे बहुधा फिकट. अंधुक दुर्बिणीतून सगळेच पाय काळे दिसतात. इथे दहापट मोठं दिसूनही काही हाती लागत नाही, कारण रंगच पोचलेला नसतो.

त्यात हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. दहापट दुर्बीण स्थिर धरायला सवय लागते. शिवाय आठपट दुर्बिणीत साधारणपणे जास्त परिसर मावतो, त्यामुळे फांद्यांतला पक्षी लवकर सापडतो. म्हणून पहिल्या दुर्बिणीसाठी माझं मत ठाम आहे: ८×४२, आणि वजन पेलत नसेल तर ८×३२. स्वस्तातली झूम दुर्बीण घेऊच नका. तिच्यात दृश्य अरुंद दिसतं आणि पट वाढवली की अंधारतं.

बजेट कमी असेल तर आकाराकडे बघा. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलक फार अचूक बसवावे लागतात आणि त्यांवर खास लेपही लागतो; हा खर्च स्वस्त मॉडेलमध्ये वाचवलेला असतो. खांद्यांपाशी रुंद असलेली जुन्या घडणीची पोरो दुर्बीण तेवढ्याच पैशात बहुधा अधिक स्पष्ट चित्र देते. ती जरा बोजड असते आणि पावसापासून जपावी लागते, एवढं मान्य करायचं.

[दृश्य: दुकानाच्या दारात उभी एक मुलगी, डोळ्यांना दुर्बीण.]

विकत घेण्याआधी ती दुकानाबाहेर न्या. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जुळवा. उजवं भिंग झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका, चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही कडी न जुळवल्यामुळे कित्येक चांगल्या दुर्बिणींना लोक उगाच नावं ठेवतात.

आता दूरच्या इमारतीची आडवी कड पाच मिनिटं बघा. चित्र दुहेरी दिसलं, डोळे ओढल्यासारखे झाले किंवा दुर्बीण खाली घेतल्यावर क्षणभर नजर सावरावी लागली, तर नळ्या एका रेषेत नाहीत. ती परत ठेवा. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट बघा. डोळ्यांजवळच्या वाट्या आत दाबूनही दृश्याची कड दिसत नसेल, तर ती दुर्बीण तुमच्यासाठी नाही.

[दृश्य: उघडलेलं पुस्तक. एका पानावर सारखे दिसणारे चार-पाच पक्षी.]

उरलेल्या पैशातून पुस्तक घ्या, तेही फक्त तुमच्या प्रदेशाचं. खंडभराच्या पुस्तकात तुमच्याकडे कधीच न येणारे पक्षीही समोर येतात आणि गोंधळ वाढतो. सुरुवातीला फोटोंपेक्षा चित्रांचं पुस्तक सोयीचं. फोटोत त्या दिवसाचा उजेड आणि त्या एका पक्ष्याची ऐट असते. चित्रकार मात्र सारखे पक्षी एकाच पवित्र्यात शेजारी-शेजारी काढतो. रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली आपल्या मार्गदर्शिकेत ओळखीच्या खुणांकडे बाण दाखवले, आणि ती पद्धत आजही उपयोगी पडते.

पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नका. भुवई आहे का, पंखावर पट्टा आहे का, पाय कसे, शेपटी कशी हलते, हे वहीत टिपा. चिफचॅफ खाद्य शोधताना शेपटी सतत खाली झटकतो, ही गोष्ट चित्रात दिसत नाही, मजकुरात सापडते. मग पान काढा, नकाशा बघा, महिना बघा. तरीही दोन नावं उरली, तर वहीत दोन्ही लिहा.