नऊ नंबरचा बूट, साडेसहाचा पाय

(दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. पॉवरलूमचा खडखडाट. मागाखाली उभे असलेले पाय.)

निवेदन :
सोलापुरात चादर आणि टॉवेल विणणारा कामगार पाळीभर उभा असतो. एक माग बंद पडला की दुसऱ्याकडे धाव, तिथून तिसऱ्याकडे. वर्षानुवर्षं असं उभं राहिलं की पंजा पसरतो. हे मामा गेली कित्येक वर्षं यूके नऊ नंबरचेच बूट घेतात. आठचा पंजाला आवळतो, असं त्यांचं म्हणणं.

(दृश्य : घराचं अंगण. चपलांच्या रांगेत मामांचे स्पोर्ट शूज.)

बूट जवळून बघा. पुढच्या टोकाला अंगठ्याच्या वर कापड चुरगळलेलं आहे, कारण तिथं आत पाय नाहीच. टाचेकडचं अस्तर मात्र घासून फाटलंय. पाऊल उचललं की टाच वर सरकते, टेकवलं की खाली बसते. चालताना तळ जिथं वाकतो ती घडी पंजाच्या हाडांखाली यायला हवी. इथं ती बोटांच्या दिशेनं पुढे गेली आहे. बूट लांबीला मोठा आहे, हे या तीन खुणांवरून कळतं.

त्यांची भाची शिवणकाम करते. घरात टेप आहेच.

"मामा, संध्याकाळी मापू या. दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असतात, तेच खरं माप."

"अगं, नऊच लागतो की मला. मापायचं काय त्यात?"

(दृश्य : भिंतीला टेकवलेला कागद. मोजे घातलेला पाय. पेन्सिलची खूण.)

टाच भिंतीला टेकलेली, भार दोन्ही पायांवर सारखा. सर्वांत लांब बोटाशी खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा खूण तिथं. डावा पाय २५.३ सेंटीमीटर, उजवा २५.५. मोठा पाय धरायचा. मग टेप अंगठ्याच्या मुळाच्या हाडावरून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत, तिरका, पंजाभोवती फिरवायचा. आवळायचा नाही, सैलही सोडायचा नाही. घेर आला २६४ मिलिमीटर.

आता हे दोन आकडे वेगळे वाचायचे. बहुतेकांची गल्लत इथंच होते.

लांबी २५.५. बुटाच्या जिभेवर आतून एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर यूएस, यूके, ईयू आणि बऱ्याचदा सेंटीमीटर असे आकडे असतात. नायकीच्या पुरुषांच्या तक्त्यात २५.५ सेंटीमीटर म्हणजे यूके साडेसहा. आदिदासच्या तक्त्यात तेच २५.५ म्हणजे यूके सात. पाय तोच, अर्ध्या नंबरचा फरक. म्हणून कंपनी बदलली की यूकेच्या आकड्यावर न जाता सेंटीमीटरचा रकाना आधी बघावा. यूके मापात एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. ही वाढ लांबीची आहे, हे ध्यानात ठेवा.

रुंदीसाठी वेगळी अक्षरं असतात : डी, मग ई, मग टू-ई म्हणजे दोन ई, अशी रुंदी वाढत जाते. जपानी मापपद्धतीत हा हिशेब फार स्वच्छ मांडला आहे. एक अक्षर वाढलं की पंजाचा घेर ६ मिलिमीटरनं वाढतो. लांबी अर्धा सेंटीमीटर वाढली की त्याच अक्षराचा घेर फक्त ३ मिलिमीटरनं वाढतो. पुरुषांच्या तक्त्यात २५.५ लांबीला टू-ईचा घेर २५२ आहे. मामांचा २६४. फरक बारा मिलिमीटर, म्हणजे दोन अक्षरं. टू-ईनंतर थ्री-ई, मग फोर-ई. मामांचा पाय जपानी हिशेबानं फोर-ई.

(दृश्य : कागदावर भाची आकडे लिहिते.)

आता समजा दुकानात टू-ईच मिळतं. बारा मिलिमीटर घेर लांबी वाढवून मिळवायचा, तर अर्धा-अर्धा सेंटीमीटर चार वेळा वाढवावा लागेल. २५.५ चे होतात २७.५. म्हणजे कुठे यूके साडेआठ, कुठे नऊ. मामांचा नऊ नंबर तिथून आला. पंजाला जागा मिळावी म्हणून ते दोन सेंटीमीटर लांबी विकत घेत होते, आणि ती सगळी बोटांपुढे रिकामी पडून होती.

(दृश्य : नवी पेठ. बुटांच्या दुकानांचे बोर्ड, गर्दी.)

अक्षर शोधायला निघालात तर एक धोका आहे. तेच अक्षर देशागणिक आणि स्त्री-पुरुषागणिक वेगळं बोलतं. अमेरिकी मापात पुरुषांचा नेहमीचा बूट डी, रुंद टू-ई, त्याहून रुंद फोर-ई. बायकांचा नेहमीचा बी. त्यांच्या बुटावर डी असेल तर तो रुंद. ब्रिटिश चामड्याच्या बुटांवर बहुधा एफ हे नेहमीचं माप, ई अरुंद आणि जी रुंद. काही कंपन्यांचं पुरुषांचं नेहमीचं मापच जी असतं. म्हणजे अमेरिकी डब्यावरचा ई रुंद पायाचा आणि ब्रिटिश डब्यावरचा ई अरुंद पायाचा.

मग मामांनी काय मागावं? जपानात टू-ई हे पुरुषांच्या बुटाचं नेहमीचं माप धरलं, तर मामा त्याहून दोन पायऱ्या रुंद. अमेरिकी कंपनीत नेहमीच्या डीच्या दोन पायऱ्या वर टू-ई येतं, मध्ये ई. तिथून सुरुवात करायची. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असल्यानं अक्षर हा अंदाजच; शेवटचा निर्णय बूट पायात घालूनच.

(दृश्य : दुकान. मामा बाकावर बसलेले. दुकानदार आतला सोल काढून जमिनीवर ठेवतो.)

सगळ्यात खरी परीक्षा ही. आतला सोल काढायचा आणि त्यावर उभं राहायचं. मामांचा पाय नेहमीच्या रुंदीच्या सोलवरून करंगळीच्या बाजूनं बाहेर आला. बूट घातल्यावर ते मांस कापडात घुसून दबणार, म्हणून करंगळीपाशी घट्टे पडतात. यूके सात, टू-ईच्या सोलवर पाय कडेपर्यंत बसला, बाहेर आला नाही. पुढे बोटांसमोर अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली.

मग लेसच्या भोकांच्या दोन रांगा बघायच्या. नीट बसलेल्या बुटात त्या साधारण समांतर राहतात, मध्ये दीडेक बोट अंतर. जुन्या नऊ नंबरमध्ये पंजाकडे त्या फाकायच्या. नव्या बुटात सरळ राहिल्या.

"टाच उचलून बघा बरं, मामा."

"हलत नाही. आणि पुढं बोटंबी मोकळी आहेत की."

अरुंद पायाचं दुखणं याच्या उलटं. भाचीचा स्वतःचा पाय अरुंद आहे. नेहमीच्या बुटात लेस पूर्ण आवळली की भोकांच्या दोन्ही रांगा एकमेकींना टेकतात आणि तरी पंजा आत सरकतो. अशा वेळी बायका अर्धा नंबर छोटा घेतात. घेर कमी होतो जेमतेम अडीच मिलिमीटर, पण लांबी जाते सव्वाचार मिलिमीटर, आणि उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. तिनं स्वतःची लांबी कायम ठेवून अमेरिकी बायकांच्या मापातलं, बीपेक्षा अरुंद असलेलं टू-ए शोधावं. बाजारात ते कमी ठिकाणी मिळतं. नाही मिळालं तर जाड आतला सोल घालून वरची जागा भरता येते. पुरुषांचे किंवा युनिसेक्स स्पोर्ट शूज मात्र तिनं टाळावेत, कारण ते बहुधा डीच्या साच्यावर असतात आणि तिच्यासाठी डी म्हणजे रुंद.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं भारतीय पावलांची मापं देशभर त्रिमितीय यंत्रानं घेतली. आपले पाय सरासरीनं रुंद निघाले, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. दुकानातल्या लेबलांवर मात्र आजही यूके हाच आकडा मोठा असतो आणि रुंदीचं अक्षर बहुतेक डब्यांवर नसतंच. अक्षर नसलेला बूट नेहमीच्या रुंदीचा समजून चालायचं आणि सोल काढून उभं राहायचं.

लेस बांधण्याची एक युक्ती अनेकजण सांगतात : घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून फास काढायचा, म्हणजे टाच धरली जाते. ती चालते, पण लांबी आणि रुंदी दोन्ही बरोबर असतील तेव्हाच. मामांच्या नऊ नंबरला असा फास बांधला असता, तर टाच थांबली असती आणि तळाची घडी मात्र बोटांखालीच राहिली असती.