बेरीज जुळली, तरी १५ हजारांचा टीडीएस गायब: २६एएस आणि १६ए कसे ताडून पाहायचे

(स्क्रीनवर: दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी, त्यांच्याखाली सहा १६ए आणि लेटरहेडवरचं एक पत्र)

नमस्कार. समोर दिसतंय ते नाशिकमधल्या एका आर्किटेक्टच्या कागदपत्रांचं काल्पनिक उदाहरण. आर्थिक वर्ष २०२४-२५. फी देणारे तिघे: एक बांधकाम कंपनी, एक रुग्णालय आणि शाळा चालवणारी एक संस्था. तिघांनी मिळून फीमधून ६७,५०० रुपये टीडीएस कापला, असं त्यांचे कागद, म्हणजे टीडीएस कापल्याची १६ए प्रमाणपत्रं आणि एक पत्र, सांगतात. २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराची सरकारी नोंद, तिच्या स्क्रीनशॉटमधल्या ओळींची बेरीज केली, तर तीही बरोबर ६७,५०० येते. बहुतेक जण इथेच फाईल मिटतात. पण यात १५,००० रुपये मिळालेलेच नाहीत. ते कसे शोधायचे, ते बघू.

आधी स्क्रीनशॉटकडे बघा. अशिलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे २६एएस नव्हे, त्या दिवशीचा तो एक तुकडा असतो. त्यात चार गोष्टी दिसायलाच हव्यात: पॅन, `Financial Year`, `Assessment Year` आणि `Data updated till` ही तारीख. वरचा भाग कापून पाठवला असेल, तर परत मागवा. ही तारीख एवढी महत्त्वाची का? जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे असते. मेच्या मध्यात काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये चौथी तिमाही नसेल, तर अजून काहीच बिघडलेलं नाही. १६ए द्यायची मुदतही त्यानंतर १५ दिवसांनी, म्हणजे १५ जूनला संपते. आपला स्क्रीनशॉट जूनच्या शेवटचा आहे, म्हणून ती सबब इथे चालणार नाही.

खरं सांगायचं तर शक्य असेल तेव्हा स्क्रीनशॉटवर काम करूच नका. incometax.gov.in वर लॉगिन करून `e-File`, मग `Income Tax Returns`, मग `View Form 26AS`. तिथून ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या साईटवर जाता येतं आणि पीडीएफ मिळते. पण अशील परगावी आहे, ओटीपी त्याच्या मुलाच्या फोनवर येतो, आणि हातात फक्त फोटो आहेत, हीच परिस्थिती बहुतेक वेळा असते. तेव्हा फोटोच नीट वाचू.

(स्क्रीनवर: बांधकाम कंपनीची ओळ मोठी करून)

प्रत्येक टीडीएस कापणाऱ्याची एक मुख्य ओळ असते. तिच्यात नाव, टॅन म्हणजे कापणाऱ्याचा क्रमांक, आणि तीन बेरजा: `Total Amount Paid/Credited`, `Total Tax Deducted`, `Total TDS Deposited`. तिच्या खाली एकेक नोंद. स्क्रीनवरच्या कोष्टकात ती ओळ उलगडावी लागते. न उलगडता काढलेला फोटो आला, तर तुमच्याकडे नुसत्या बेरजा आहेत, नोंदी नाहीत.

टॅन टाईप करताना एक युक्ती लक्षात ठेवा. टॅनमध्ये दहा जागा: आधी चार अक्षरं, मग पाच अंक, शेवटी एक अक्षर. पहिली तीन अक्षरं शहराची, म्हणजे नाशिकला NSK, पुण्याला PNE, मुंबईला MUM. धूसर फोटोत शून्य आहे की O, पाच आहे की S, असा गोंधळ झाला की जागा मोजा. पाचव्या ते नवव्या जागेवर अक्षर येऊच शकत नाही. जुळवायचं ते टॅनवर, नावावर नाही. एकाच समूहाच्या दोन शाखांचे टॅन वेगळे असू शकतात.

आता एक्सेलमध्ये दोन शीट करा, एक `16A`, दुसरं `26AS`. दोन्हींत चारच रकाने: टॅन, तिमाही, फीची रक्कम, टीडीएस. २६एएसमध्ये तिमाही छापलेली नसते, ती तारखेवरून आपण लिहायची. चूक होते ती इथेच. तिथे दोन तारखा असतात. `Transaction Date` म्हणजे फी दिली किंवा तुमच्या खात्यात जमा धरली तो दिवस. `Date of Booking` म्हणजे ती नोंद प्रणालीत चढली तो दिवस. मार्चमधल्या व्यवहाराची बुकिंगची तारीख जूनमधली असू शकते. तिमाही ठरवायची ती `Transaction Date` वरून.

मग `16A` शीटच्या पाचव्या रकान्यात हे सूत्र:

```
=D2-SUMIFS('26AS'!D:D,'26AS'!A:A,A2,'26AS'!B:B,B2)
```

शून्य आलं तर जुळलं. एखाद्या रुपयाचा फरक पूर्णांकामुळे येतो, त्याच्यामागे लागू नका. एक मात्र पाळा: एका टॅनची एका तिमाहीत दोन प्रमाणपत्रं असतील, तर आधी ती एका ओळीत मिळवा.

(स्क्रीनवर: बांधकाम कंपनीच्या नोंदी)

बांधकाम कंपनीची १६ए प्रमाणपत्रं चार तिमाहींची: १२,०००, ८,०००, १५,००० आणि १०,०००. एकूण ४५,०००. फोटोत दिसतात १२,०००, ८,०००, १५,०००, १५,००० आणि १०,०००, म्हणजे ६०,०००. तिसऱ्या तिमाहीसमोर सूत्र देतं उणे १५,०००. क्रेडिट जास्त? अशील खूश होईल, पण मुख्य ओळ बघा. तिथे एकूण ४५,०००च लिहिलेत. नोंदींची बेरीज मुख्य ओळीशी जुळत नाही, म्हणजे एखादी नोंद फोटोतून निसटली आहे. अनुक्रमांक वाचा: १, २, ३ आणि मग थेट ५. चौथी ओळ दोन फोटोंच्या सांध्यात गेली.

ती चौथी ओळ असते उणे १५,०००, आणि `Remarks` मध्ये B. कापणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात दुरुस्ती केली की जुनी नोंद खोडली जात नाही. तीच रक्कम उणे करून दाखवतात आणि खाली दुरुस्त नोंद पुन्हा येते. म्हणून उणे ओळ दिसली तर घाबरू नका, आणि ती गाळूही नका. तिन्ही ओळी शीटमध्ये जशाच्या तशा टाका, सूत्र आपोआप हिशेब करतं. बांधकाम कंपनी जुळली. आणि त्याबरोबर आपली ६७,५०० ची सुंदर बेरीज कोसळली.

(स्क्रीनवर: रुग्णालयाच्या दोन नोंदी)

रुग्णालय. दुसऱ्या तिमाहीचे ७,५०० आणि चौथीचे ९,०००. २६एएसमध्ये दोन्ही नोंदी आहेत. मग त्या सुरुवातीच्या बेरजेत ७,५०० च का धरले होते? कारण दुसऱ्या नोंदीसमोर `Status of Booking` मध्ये F नाही, U आहे. F म्हणजे बँकेतल्या चलनाशी मेळ बसला, क्रेडिट पक्कं. U म्हणजे मेळ बसला नाही. एक तर पैसे भरलेच नाहीत, किंवा भरले पण विवरणपत्रात चलनाचा तपशील चुकला. U असलेली रक्कम शीटमध्ये घ्यायची नाही, बाजूला ठेवायची. सरकारी खात्याने कापलेल्या टीडीएसला कधी P दिसतं, तिथे पुढची पडताळणी बाकी असते. O म्हणजे चलनात भरलेल्या रकमेपेक्षा जास्त क्रेडिट वाटलं गेलं.

दोनपैकी कोणतं कारण, ते रुग्णालयाच्या अकाउंटंटलाच विचारावं लागतं. पण प्रश्न नेमका हवा. "टीडीएस दिसत नाही, बघा ना" असं म्हणालात, तर "आम्ही भरलाय" एवढंच उत्तर येईल. १६ए च्या शेवटच्या कोष्टकात चलनाच्या तीन खुणा असतात: बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, पैसे भरल्याची तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक. मूळ चलनाची प्रत मागा आणि या तिन्ही खुणा शेजारी ठेवून ताडा. एक अंक इकडचा तिकडे झाला, तरी U येतं. चूक सापडली तर ती दुरुस्त करायची कापणाऱ्याने, ट्रेसेसवर, आपल्या टॅनच्या लॉगिनमधून. तुम्ही ती करू शकत नाही, बँकही नाही.

(स्क्रीनवर: संस्थेचं लेटरहेड)

राहिली शाळेची संस्था. तिच्या टॅनची २६एएसमध्ये एकही ओळ नाही. सूत्र देतं ६,०००. आता त्यांचं "प्रमाणपत्र" बघा. सुंदर लेटरहेड, शिक्का, सही, आणि "आपल्या फीमधून रु. ६,००० टीडीएस कापला आहे" एवढं एक वाक्य. हा १६ए नाही. खरा १६ए ट्रेसेसवरून काढलेला असतो, त्यावर प्रमाणपत्र क्रमांक असतो, आणि कापणाऱ्याच्या त्रैमासिक विवरणपत्राचा पावती क्रमांक असतो. ते दोन्ही नसतील, तर विवरणपत्र भरलंय की नाही हेसुद्धा तो कागद सांगत नाही.

तरी टीडीएस खरंच कापला का, हे आपण आपल्याकडच्या कागदांवरून ठरवू शकतो. बिल आहे ७०,८०० चं: फी ६०,००० आणि १८ टक्के जीएसटी १०,८००. बँकेत आले ६४,८००. फरक ६,०००, म्हणजे फीच्या १० टक्के. कलम १९४जे प्रमाणे व्यावसायिक फीवरचा दर हाच. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर कापतात. म्हणून २६एएसमधली रक्कम तुमच्या बिलापेक्षा कमी दिसली, तर ती हरवलेली नाही, तो जीएसटी आहे.

म्हणजे संस्थेने पैसे कापले, पण नोंद आपल्या पॅनवर आली नाही. रुग्णालयाचे ९,००० आणि हे ६,०००, हेच ते गायब १५,०००. त्यांना दोनच गोष्टी विचारा: तिसऱ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्राचा, म्हणजे फॉर्म २६क्यूचा, पावती क्रमांक काय, आणि आमच्या ओळीत कोणता पॅन टाकलाय? पावती क्रमांकच नसेल, तर विवरणपत्र भरायचं राहिलंय. असेल, तर बहुधा पॅनमध्ये एक अक्षर चुकलंय, आणि तो चुकीचा पॅन दुसऱ्या कोणाचा खरा पॅन असेल, तर तुमचे ६,००० त्याच्या २६एएसमध्ये बसले आहेत. दोन्ही बाबतीत उपाय त्यांच्याकडेच: विवरणपत्र भरणं किंवा त्यात पॅनची दुरुस्ती करणं. हे सगळं ईमेलवर विचारा, फोनवर नको. त्या ईमेलचा पुढे उपयोग होतो.

कारण रिटर्नची मुदत त्यांची वाट पाहणार नाही. फी उत्पन्नात पूर्ण ६०,००० दाखवायची, टीडीएस वजा जाऊन उरलेली ५४,००० नव्हे. कापलेल्या टीडीएसचा दावा बिल आणि बँकेच्या उताऱ्याच्या आधारावर करता येतो. आयकर कायदा १९६१ चं कलम २०५ म्हणतं, की कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेसाठी तुमच्याकडे पुन्हा थेट मागणी करता येत नाही. पण बंगळुरूचं सीपीसी, म्हणजे रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र, कागद बघत नाही, २६एएस बघतं. न दिसणाऱ्या क्रेडिटचा दावा केला, तर कलम १४३(१) ची सूचना ते वगळून येईल, असंच धरून चला. मग कापणाऱ्याने दुरुस्ती केली आणि नोंद F झाली, की `Services` मधून `Rectification` मध्ये जाऊन `Tax credit mismatch correction` निवडा आणि कलम १५४ खाली दुरुस्ती मागा. नोंद F होण्याआधी हा अर्ज केलात, तर तेच उत्तर पुन्हा येईल.

आणि शीट बंद करण्याआधी सूत्र उलटं चालवा: `26AS` मधल्या प्रत्येक ओळीला `16A` मध्ये जोड आहे का? जोड नसलेली ओळ सापडली, तर तिच्या टॅनचं नाव वाचा. बऱ्याचदा ती मुदत ठेवीवर व्याज देणारी बँक असते, आणि ते व्याज रिटर्नमध्ये घ्यायचं राहिलेलं असतं.